बाळाच्या पहिल्या वर्षाचा जमाखर्च

हिरण्यकेशीच्या काठी, पुणे-बंगळूर महामार्गालगत वसलेल्या संकेश्वरात घरात पाळणा हलणार अशी चाहूल लागली, की दोन याद्या तयार होऊ लागतात. एक आजीच्या मनात असते. तिच्यात डिंक, खारीक, हळीव, सुके खोबरे, बाळंतकाढा, दुपटी, कुंची आणि बारशाच्या मानपानाची नावे असतात. दुसरी तरुण आईबाप दुकानांतून पाहून करतात, आणि तिच्यात बाबागाडी, मच्छरदाणी, दुधाची बाटली व कागदी लंगोट असतात. दोन्ही याद्या आपापल्या जागी योग्यच आहेत. तथापि पहिल्या वर्षात घराला जी सर्वांत मोठी तोशीस लागते, ती या दोहोंपैकी एकीतही नसते. ती म्हणजे आईची बुडणारी मिळकत. जे पैसे हातातून जातात ते मोजण्याची माणसाला सवय असते. जे हाती येतच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

हा हिशेब कसा मांडावा हे पाहण्यासाठी एक कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. पत्नी संकेश्वरातील एका पतसंस्थेत कारकून असून तिचा मासिक पगार २४,००० रुपये, म्हणजे दिवसाकाठी ८०० रुपये आहे. पतीचे लहानसे दुकान आहे. घरी सासूबाई आहेत, पण गुडघ्यांच्या दुखण्यामुळे रांगत्या मुलामागे धावणे त्यांना जमण्यासारखे नाही. पत्नीचे माहेर पलीकडे गडहिंग्लजला, म्हणजे जवळच, पण दुसऱ्या राज्यात आहे. येथील आकडे उदाहरणादाखल धरलेले असून प्रत्येक घराने त्यांच्या जागी आपले आकडे घालावयाचे आहेत. बाळंतपणाचा दवाखान्यातील खर्च हा निराळा विषय असल्याने तो येथे धरलेला नाही. हिशेब बाळाच्या जन्मदिवसापासून सुरू होतो.

पण त्याची पहिली ओळ जन्माच्या आधीच लिहावी लागते, कारण रजेचा निर्णय आधी घ्यावयाचा असतो. १९६१ साली झालेल्या प्रसूती लाभ कायद्याने नोकरदार स्त्रीला बारा आठवड्यांची पगारी रजा दिली होती. २०१७ सालच्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली, आणि २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच मुदत राखलेली आहे. दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेली दुकाने व आस्थापना या तरतुदीखाली येतात. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत त्या स्त्रीने किमान ८० दिवस काम केलेले असले पाहिजे. ज्यांचा पगार कमी असून ज्या राज्य कामगार विमा योजनेत येतात, त्यांना हीच रक्कम मालकाऐवजी विमा महामंडळाकडून मिळते. कल्पिलेल्या पतसंस्थेत चौदा माणसे आहेत, तेव्हा पत्नीचा हक्क निर्विवाद आहे.

या २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. आठच घेतले पाहिजेत, असे मात्र नाही. पुष्कळ घरांत सातवा महिना सरला, ओटीभरण झाले, की सूनबाईने माहेरी जावे असा प्रघात असतो आणि रजाही त्याच दिवसापासून धरली जाते. त्यात मायेचा भाग मोठा आहे. पण हिशेबाच्या दृष्टीने काय घडते ते पाहावे. आठ आठवडे आधी गेले, तर प्रसूतीनंतर अठरा उरतात, आणि बाळ जेमतेम चार महिन्यांचे होते न होते तोच पगार थांबतो. उलट प्रकृती निकोप असून डॉक्टरांची संमती असल्यास केवळ तीन आठवडे आधी रजा घेतली, तर नंतरचे तेवीस आठवडे हाती राहतात आणि बाळ सव्वापाच महिन्यांचे होईपर्यंत पगार चालू राहतो. या पाच आठवड्यांच्या फरकाची किंमत ३५ दिवसांची, म्हणजे २८,००० रुपये होते. बाबागाडी, पाळणा, मच्छरदाणी आणि वर्षभराचे कपडे मिळूनही एवढी रक्कम सहसा होत नाही. अर्थात् रक्तदाब वाढला, पायांवर सूज आली, किंवा डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तर हा हिशेब बाजूला ठेवावयाचा असतो, हे सांगणे नलगे.

रजेच्या पैशांबाबत आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. कायद्याप्रमाणे प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यावयाची असते, आणि प्रसूतीनंतरच्या काळाची रक्कम प्रसूतीचा दाखला मिळाल्यापासून ४८ तासांत द्यावयाची असते. व्यवहारात अनेक ठिकाणी नेहमीच्या पगाराप्रमाणे महिन्याच्या महिन्याला पैसे देतात. त्यातही गैर वाटून घेण्याचे कारण नसते. मात्र जेथे कायद्याच्या शब्दाप्रमाणे एकरकमी पैसे मिळतात, तेथे या घरात तेवीस आठवड्यांचे १,२८,८०० रुपये बाळाच्या पहिल्याच आठवड्यात येऊन पडतील. आणि बारसे बाराव्या दिवशी असते! खिसा इतका भरलेला असताना मांडव थोडा मोठा घालावा, चार पंगती जास्त उठवाव्यात, असे कोणाला वाटणार नाही? पण ही रक्कम उत्पन्नाची भर नव्हे. ती पुढील महिन्यांचीच मिळकत आहे, आधी हाती आलेली.

या पत्नीने बाळ आठ महिन्यांचे होईपर्यंत घरी राहावयाचे ठरविले आहे, असे समजावे. बाळाला सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईचे दूध द्यावे, हा वैद्यकाचा सल्ला सर्वमान्य आहे. त्यानंतर भाताची पेज, वरण, कुस्करलेले केळे, नाचणीची खीर सुरू होऊन ते रुळावयास महिना-दीड महिना लागतो. म्हणून आठ महिन्यांची मर्यादा. आता १,२८,८०० रुपये आठ महिन्यांवर पसरले, की महिन्याला १६,१०० रुपये येतात. म्हणजे या घराने जन्मदिवसापासूनच पत्नीचा पगार २४,००० नसून सोळा हजारांच्या आसपास आहे असे धरून चालावे लागते. जे कुटुंब पाच महिने पुऱ्या पगाराच्या ऐटीत काढते, त्याला सहाव्या महिन्यात एकाएकी कोरड्या विहिरीत डोकवावे लागते. आणि नेमक्या त्याच सुमारास बाळाचे खाणे, खोकला व रांगणे सुरू होते. सव्वापाच महिन्यांपासून आठ महिन्यांपर्यंतचे बिनपगारी दिवस सुमारे ७९ भरतात. त्यांचे ६३,२०० रुपये ही या सबंध वर्षातली सर्वांत मोठी रक्कम आहे, आणि तिची पावती कोणीही देत नाही.

आता वस्तूंकडे वळावे. सीमाभागातील घरांच्या अंदाजपत्रकात एक गंमत आढळते. पहिले बाळंतपण माहेरी होत असल्यामुळे सव्वा महिन्याचा खर्च संकेश्वरच्या वहीत शून्य दिसतो. प्रत्यक्षात तो गडहिंग्लजच्या वहीत पडलेला असतो. बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई रोजचे अडीचशे रुपये घेते असे धरले, तर चाळीस दिवसांचे दहा हजार होतात, शिवाय शेवटच्या दिवशी तिला साडीचोळी. लाडू, हळिवाची खीर, तूप, सुकामेवा यांचे पाच-सहा हजार वेगळे. माहेरच्या वडिलांच्या निवृत्तिवेतनातून हे पैसे जात असतील, तर ते कोणीतरी लिहून ठेवावेत. दुसऱ्या बाळंतपणाला आई सासरीच राहिली, की या सोळा हजारांचा नव्यानेच शोध लागतो.

लंगोटांची गोष्ट साधी आहे, पण गुणाकार भल्याभल्यांना चकवतो. कागदी लंगोट दिवसाला सहा लागले आणि एकाला दहा रुपये पडले, तर वर्षाकाठी बावीसशे नग आणि बावीस हजार रुपये होतात. जुन्या मऊ धोतराचे व लुगड्याचे लंगोट दिवसा वापरून कागदी लंगोट केवळ रात्री व प्रवासात ठेवला, तर पाचशे नगांत, म्हणजे पाच हजारांत वर्ष निघते. मात्र मृगापासून पुढचे तीन-चार महिने संकेश्वरात कपडा दोन दोन दिवस वाळत नाही. तान्हे बाळ त्या दिवसांत असेल, तर चाळीस सुती लंगोटही पुरे पडत नाहीत, आणि अर्धवट ओल्या कपड्याने बाळाच्या मांड्या लाल होतात. बाळ कोणत्या महिन्यात जन्मते, हेही अंदाजात धरावे ते यासाठी.

दुधाच्या डब्याचा हिशेब तर प्रत्येकाने एकदा करून पाहण्यासारखा आहे. पाच किलो वजनाच्या बाळाला, ते पूर्णपणे पावडरीच्या दुधावर असेल तर, दिवसाला सुमारे ७५० मिलिलिटर दूध लागते आणि त्यासाठी शंभर ग्रॅमच्या आसपास पावडर खर्ची पडते. चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो. महिन्याला सात-आठ डबे लागतात. डब्याला चारशे रुपये धरले, तर महिन्याचे तीन हजार होतात. घरात हा आकडा आधी मांडलेला नसला, म्हणजे एक घातक काटकसर सुरू होते. डबा आठवडाभर पुरावा म्हणून चमचे कमी आणि पाणी जास्त. बाळाचे पोट भरल्यासारखे दिसते, ते झोपतेही, पण वजनाचा काटा पुढे सरकत नाही. अंगणवाडीत दर महिन्याला होणारे वजन ही या चुकीची सर्वांत पहिली व बिनचूक खूण होय. आईला दूध येत असता डबा आणण्याचे कारण नाही. ज्या मातेस वैद्यकीय कारणाने पावडर द्यावीच लागते, तिने डब्यावर लिहिलेल्या मापानेच ती द्यावी आणि तीन हजारांची ओळ आपल्या अंदाजपत्रकात उघडपणे लिहावी.

लसींच्या बाबतीत मात्र उलट प्रकार दिसतो. तेथे खर्चाची भीती मोठी आणि प्रत्यक्ष खर्च शून्य असू शकतो. क्षयरोगाची, पोलिओची आणि काविळीची लस जन्मल्याबरोबर दिली जाते. पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आदी पाच रोगांवरची एकत्रित लस, तसेच पोलिओ, जुलाबाचा रोटा विषाणू आणि न्यूमोनिया यांच्या मात्रा ठरलेल्या क्रमाने मिळतात. नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेलाची लस, उरलेल्या मात्रा आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. हे सारे सरकारी दवाखान्यात व अंगणवाडीत विनामूल्य आहे, आणि वेळापत्रक राष्ट्रीय असल्याने गडहिंग्लज व संकेश्वर यांत भेद नाही.

खाजगी डॉक्टर याच रोगांवर ‘न दुखणारी’ म्हणून जी महाग सुई देतात, तिच्याने ताप कमी येतो हे खरे. पण संरक्षण अधिक मिळते, असे नव्हे. ज्याला परवडते त्याने तापाची एक रात्र वाचविण्यासाठी ते पैसे द्यावेत, पण कर्ज काढून देऊ नयेत. सहा महिन्यांनंतर फ्लूच्या दोन मात्रा आणि विषमज्वराची एक, अशा सरकारी यादीबाहेरच्या लसी बालरोगतज्ज्ञ सुचवितात. त्या घ्यावयाच्या तर डॉक्टरांच्या शुल्कासह सहा हजार रुपये बाजूला ठेवावेत. नक्की किंमत खोक्यावर छापलेली असते, ती आधी विचारून घ्यावी.

या सीमेवर लसींचा खर्च वाढतो तो एका कागदापायी. गरोदरपणाची नोंद संकेश्वरात झालेली असते, म्हणून आईजवळ कर्नाटकाचे ‘तायी कार्ड’ असते. बाळ गडहिंग्लजला जन्मते, तेव्हा जन्मवेळच्या लसी तेथील कार्डावर चढतात. सव्वा महिन्यानंतर आई सासरी येते आणि ते दुसरे कार्ड माहेरच्या कपाटात राहते. सहाव्या आठवड्याला परिचारिका विचारते, क्षयरोगाची लस झाली काय? उत्तर कोणालाच ठाऊक नसते. मग एक खेप फुकट जाते, किंवा खाजगी दवाखान्यात तीच मात्रा पैसे मोजून पुन्हा टोचली जाते. जन्माच्या दाखल्याचेही असेच आहे. नोंद जेथे जन्म झाला त्याच गावी होते. २१ दिवसांच्या आत ती विनाशुल्क असते, नंतर फी, अर्ज आणि खेपा सुरू होतात. बाळंतिणीला परत आणताना गाडीत बाळंतविड्यासोबत हे दोन कागद आले आहेत की नाहीत, एवढे पाहिले तरी पुरे.

आता पत्नी आठ महिन्यांनी कामावर जाते तेव्हा बाळाला कोण सांभाळणार, हा प्रश्न येतो. संकेश्वरासारख्या गावात नावाची पाटी लावलेले पाळणाघर शोधण्यापेक्षा शेजारची प्रौढ बाई मिळणे अधिक सोपे असते. तिला महिना पाच हजार धरले, तर वर्ष पुरे होईपर्यंतच्या चार महिन्यांचे वीस हजार होतात. पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला पाळणाघर ठेवणे बंधनकारक आहे; चौदा माणसांच्या पतसंस्थेला ते लागू नाही. पण तिला लागू असलेली दुसरी तरतूद फारशी कोणी वापरीत नाही. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला कामाच्या वेळात नेहमीच्या विश्रांतीखेरीज स्तनपानासाठी दोन सुट्या मिळतात. लहान गावाचा हा मोठा फायदा आहे. सांभाळणारी बाई कचेरीपासून दहा मिनिटांच्या वाटेवर राहत असेल, तर दोन वेळा जाऊन बाळाला पाजता येते आणि दुधाचा डबा घरात यावा लागत नाही. दुसऱ्या टोकाला राहणारी बाई महिन्याला पाचशे रुपये कमी घेत असली, तरी ती महागच पडते.

एवढे झाल्यावर बेरीज करता येते. कपडे व पाळण्याचे पाच हजार, लंगोटांचे पाच, जादा लसींचे सहा, डॉक्टरांच्या आठ खेपांचे व औषधांचे ४,८००, सहा महिन्यांनंतरच्या खाण्याचे ४,८००, सांभाळणाऱ्या बाईचे वीस हजार, मिळून ४५,६००. अचानक दुखण्यासाठी दहा हजार शिल्लक ठेवले, की ५५,६००. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतील आजारी बाळावरचे उपचार विनामूल्य आहेत, पण रात्री दोन वाजता माणूस जवळचे दार ठोठावतो. म्हणून ही शिल्लक असावी. त्यात बिनपगारी दिवसांचे ६३,२०० मिळविले, म्हणजे एकूण १,१८,८०० रुपये होतात. बारसे आणि माहेरचा खर्च यात नाही. निम्म्याहून अधिक रक्कम ही खर्चाची नसून न आलेल्या पगाराची आहे. तेव्हा काटकसर करावयाची झाल्यास झबल्यांच्या किमतीत ती शोधून फारसे काही हाती लागणार नाही. ती रजेच्या तारखांत सापडेल.

हा झाला नोकरदार बाईचा हिशेब. याच गावात मिरचीची देठे खुडणारी, उसाच्या फडात भांगलणारी, किंवा पलीकडे निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणारी स्त्री असते. तिला रोज ३५० रुपये आणि महिन्याला २२ दिवस काम मिळते असे धरावे. प्रसूतीआधी एक महिना आणि नंतर सहा महिने ती घरी राहिली, तर ५३,९०० रुपये बुडतात. कारकून बाईचे निरपेक्ष नुकसान याहून मोठे दिसते. पण तिला सहा महिन्यांचा पगार मिळालेला असतो, हिला शून्य. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार एकदम मिळतात. नोकरीतून पगारी प्रसूती रजा मिळणाऱ्या स्त्रीला ही योजना लागू नाही, तेव्हा ती खरोखर याच स्त्रीसाठी आहे. परंतु पाच हजार म्हणजे तिची चौदा दिवसांची मजुरी. म्हणून ती सहा महिने घरी राहतच नाही. दीड-दोन महिन्यांत ती कामावर जाते आणि बाळ आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर जाते. सांभाळण्याचा खर्च मग हिशेबात दिसत नाही. तो त्या बहिणीच्या शाळेच्या हजेरीपटावर पडतो. कर्नाटक सरकारने २०२३ नंतर ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ या नावाने सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पाळणाघरे काढली, ती याच दुखण्यावर. आसपासच्या खेड्यातील स्त्रीने आपल्या पंचायतीत तशी सोय आहे काय, याची चौकशी बाळंतपणाआधीच करून ठेवावी.

विडी कामगारांच्या बाबतीत १९६६ च्या कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही प्रसूती लाभ लागू केला होता, ही निपाणी भागासाठी लहान गोष्ट नव्हती. पण लाभ मिळावयाचा तर कामाचे दिवस सिद्ध व्हावे लागतात. विड्या तिने वळल्या आणि वहीत नाव सासूचे किंवा नवऱ्याचे पडले, तर ऐंशी दिवस कागदावर भरत नाहीत. गरोदरपणाची चाहूल लागताच आपल्याच नावाची नोंद रोज पडते आहे ना, हे पाहणे हाच अशा घरातील अंदाजपत्रकाचा पहिला आकडा होय.

मातृवंदनेचा दुसरा, दोन हजारांचा हप्ता बाळाच्या जन्माची नोंद व चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या लसी पुऱ्या झाल्यावरच निघतो. लस विनामूल्य असली, तरी मजुरी करणाऱ्या बाईला प्रत्येक खेपेला ३५० रुपयांचा रोज सोडावा लागतो, आणि पुढच्या दिवशी बाळाला ताप असला तर आणखी एक. तीन खेपांचे हजारावर रुपये असे जातात. दहाव्या आठवड्याची खेप चुकली, की चौदाव्याची पुढे ढकलली जाते आणि हप्ताही लांबतो. लसीकरणाचा वार अंगणवाडी सेविकेला ठाऊक असतो. तो आधी विचारून मुकादमाला त्या दिवसाची कल्पना दिली, किंवा सकाळी लस घेऊन दुपारचा अर्धा रोज पदरात पाडून घेतला, तर सोडलेल्या मजुरीपैकी निम्मी तरी परत येते.